बाळंतपणातील चार तास : गर्भाशयाचे तोंड कसे उघडते आणि ते सावकाश उघडले तर काय समजावे



आपल्या महिला मंडळांतून आणि पाड्यांवर काम करणाऱ्या सेविकांकडून एक प्रश्न नेहमी येतो. "कळा सुरू होऊन एक रात्र झाली, अजून बाळ झाले नाही. आता थांबायचे की हलवायचे?" या वेळच्या पाठात हाच प्रश्न घेतला आहे. मी डॉक्टर नाही. परंतु गेली अनेक वर्षे गरोदर मातांना आरोग्य केंद्रात नेताना, सिस्टरांच्या शेजारी बसून जे शिकलो आणि नंतर वाचून जे पक्के केले, ते सोप्या शब्दांत मांडतो. सातपुड्यातल्या एका मातेचे बाळंतपण उदाहरण म्हणून घेऊ. त्याआधी बाळंतपण कसे पुढे सरकते हे पाहू.

तोंड उघडते म्हणजे काय होते?

गर्भाशय म्हणजे स्नायूंची एक जाड पिशवी. तिच्या खालच्या टोकाला असलेल्या भागाला आपण गर्भाशयाचे तोंड म्हणतो. एरवी ते साधारण ३ ते ४ सेंटीमीटर लांब, घट्ट आणि बंद असते. नऊ महिने बाळाला आत धरून ठेवण्याचे काम तेच करते. दिवस भरत आले की ते हळूहळू मऊ पडू लागते.

कळ येते तेव्हा गर्भाशयाचा वरचा भाग आवळतो. कळ ओसरल्यावर तो स्नायू पूर्वीइतका सैल होत नाही, थोडा आखूडच राहतो. त्यामुळे प्रत्येक कळेसरशी वरचा भाग जाड होतो आणि खालचा भाग वर ओढला जातो. घट्ट गळ्याचा स्वेटर डोक्यावरून घालताना गळा आधी ताणून पातळ होतो आणि मग रुंदावतो, तसेच येथे घडते. तोंड आधी आखूड होऊन पातळ होते, मग उघडते. खालून बाळाच्या डोक्याचा दाबही त्याला मदत करतो. पहिलटकरणीमध्ये बहुधा आधी पातळ होणे आणि नंतर उघडणे असा क्रम असतो. आधी बाळंतपणे झालेल्या स्त्रीमध्ये दोन्ही बरोबरच चालते, म्हणून तिचे बाळंतपण लवकर उरकते.

पूर्ण उघडले म्हणजे १० सेंटीमीटर. एवढ्या जागेतून पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोके बाहेर येऊ शकते. गावाकडे "दोन बोटे उघडले", "तीन बोटे उघडले" असे म्हणतात. ती पद्धत जुनी आहे, पण प्रत्येकाची बोटे वेगळी. म्हणून नोंद नेहमी सेंटीमीटरमध्ये करतात.

बाळंतपणाच्या तीन अवस्था

पहिली अवस्था म्हणजे खऱ्या कळा सुरू झाल्यापासून तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा काळ. हीच सर्वांत लांब अवस्था. तिचे दोन भाग पडतात, आणि घरच्यांचा गोंधळ होतो तो याच दोन भागांत.

पहिला भाग संथ असतो. कळा येतात, पण दूर दूर. तोंड मऊ आणि पातळ होत असते, उघडते मात्र थोडेच. रक्ताचा अंश असलेला चिकट स्राव जातो. हा काळ प्रत्येक स्त्रीमध्ये फार वेगवेगळा असतो. काहींना थोडे तास लागतात, तर काहींची अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस जातो. आई आणि बाळ ठीक असतील तर निव्वळ या भागाला वेळ लागला म्हणून घाबरण्याचे कारण नसते. या काळात तिला खाऊपिऊ द्यावे, हिंडूफिरू द्यावे, झोप आली तर झोपू द्यावे.

दुसरा भाग वेगाचा. दहा मिनिटांत तीन-चार कळा, प्रत्येक कळ ४० सेकंद किंवा अधिक, आणि तोंड आता भराभर उघडू लागते. आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांतील नोंदीचा तक्ता तोंड ४ सेंटीमीटर उघडल्यावर सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून हा वेगाचा भाग ५ सेंटीमीटरपासून धरते. संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे तेथून पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या बाळंतपणात सहसा १२ तासांहून आणि पुढच्या बाळंतपणांत सहसा १० तासांहून अधिक लागत नाहीत.

दुसरी अवस्था म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत. आता मातेला आपोआप जोर द्यावासा वाटतो. पहिलटकरणीला साधारण तीन तासांच्या आत आणि इतरांना दोन तासांच्या आत बाळ होते. पुष्कळदा याहून बरेच लवकर होते.

तिसऱ्या अवस्थेत वार पडते. याला बहुधा अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही. बाळ होताच सिस्टर मातेला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. त्याने गर्भाशय घट्ट आवळते आणि रक्तस्राव कमी होतो. त्यानंतरचे एक-दोन तासही मातेजवळ कोणीतरी बसलेच पाहिजे, कारण जास्त रक्त जाण्याचा धोका याच वेळी सर्वाधिक असतो.

एक तक्ता आणि दोन रेषा

तोंड सावकाश उघडत आहे हे ओळखायचे कसे? कळांनी मातेला किती त्रास होतो आहे यावरून ते कळत नाही. खूप ओरडणाऱ्या स्त्रीचे बाळंतपण वेळेत होऊ शकते आणि मुकाट्याने पडून असलेली अडलेली असू शकते. म्हणून ठरावीक वेळाने तपासून कागदावर नोंद करावी लागते.

न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी १९५४ मध्ये शंभर पहिलटकरणींच्या नोंदी घेऊन तोंड उघडण्याचा आलेख काढला. पण त्याचा उपयोग आपल्यासारख्या डोंगराळ मुलखासाठी केला तो आफ्रिकेतील दोघांनी. फिलपॉट आणि कॅसल १९७२ च्या सुमारास आजच्या झिंबाब्वेमध्ये काम करीत होते. तेथेही खेड्यातल्या दवाखान्यात फक्त सुईण असे आणि शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय फार दूर. सुईणीने मातेला नेमके केव्हा पाठवावे हे ठरवण्यासाठी त्यांनी आलेखावर दोन तिरक्या रेषा आखल्या.

पहिली सावधानतेची रेषा. तोंड दर तासाला एक सेंटीमीटर उघडते असे धरून ती काढलेली असते. दुसरी कृतीची रेषा, पहिलीच्या बरोबर चार तास उजवीकडे. मातेची नोंद पहिल्या रेषेच्या डावीकडे किंवा रेषेवर राहिली तर ठीक. ती उजवीकडे सरकली तर सावध होऊन पाठवण्याची तयारी करायची. दुसऱ्या रेषेला पोहोचेपर्यंत माता अशा ठिकाणी असली पाहिजे जेथे डॉक्टर निर्णय घेऊ शकतील. म्हणजे मधले चार तास मुख्यतः रस्त्यासाठी ठेवलेले आहेत. या तक्त्याला पार्टोग्राफ म्हणतात. इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमध्ये ३५ हजारांहून अधिक मातांवर तो वापरून पाहिला गेला, आणि १८ तासांहून लांबलेल्या बाळंतपणांचे प्रमाण शंभरात सहाहून थोडे अधिक होते ते तीन-साडेतीनवर आले. हा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

एका मातेचा दिवस

आता ते उदाहरण. पहिलटकरीण, वय वीसच्या आसपास, दिवस पूर्ण भरलेले. पहाटे दोनला नियमित कळा सुरू झाल्या. आशाताईने निरोप दिला आणि आम्ही तिला जीपमधून सकाळी दहाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवले. बरोबर सासू आणि नवरा. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय तेथून घाटातून सव्वादोन तासांवर.

सिस्टरने तपासले. तोंड ४ सेंटीमीटर उघडलेले. दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक सुमारे ३० सेकंदांची. बाळाचे ठोके मिनिटाला १४०, पाणमोट शाबूत. पोटावरून चाचपल्यावर बाळाच्या डोक्याचे पाचांपैकी चार भाग अजून हाताला लागत होते, म्हणजे डोके वरच होते. सिस्टरने तक्त्यावर पहिली फुली मारली आणि मला म्हणाली, "भाऊ, हिशेबाने दुपारी दोनला आठ सेंटीमीटर व्हायला हवे."

आतून तपासणी दर चार तासांनीच करतात. वारंवार केली तर जंतू आत जाण्याचा धोका वाढतो. मध्यंतरी दर अर्ध्या तासाने ठोके आणि कळा पाहणे चालू होते. मातेला चालवले, पाणी आणि सरबत दिले. सकाळपासून तिची कंबर फार दुखत होती.

दुपारी दोनला तोंड ६ सेंटीमीटर. चारवरून सहा, म्हणजे पुढे सरकले होते, पण आठ व्हायला हवे होते. फुली सावधानतेच्या रेषेच्या उजवीकडे पडली. डोके चारावरून तीन भागांवर आलेले. कळा तेवढ्याच. ठोके १४४, आईची नाडी आणि ताप ठीक. मूत्राशय भरलेले होते. भरलेले मूत्राशय डोक्याची वाट अडवते, म्हणून आधी तिला लघवीला नेले. आणि त्याच वेळी सिस्टरने १०८ ला फोन लावला.

सासूबाईंना हे पटेना. "सहा झालंय ना? मग होईलच की. पोरीला जोर करायला सांगा, मी वरून पोट दाबते." सिस्टरने शांतपणे समजावले, "मावशी, दार अर्धंच उघडलंय. आता जोर केला तर दार सुजेल आणि आणखी अडेल. वरून दाबलं तर पिशवी फाटू शकते." नवरा म्हणाला, "थोडं थांबू, आपण प्रार्थना करू." मी म्हणालो, "करू. गाडीतही करता येते." दोन चाळीसला गाडी निघाली.

पाचला आम्ही रुग्णालयात होतो. वाटेत पाणमोट फुटली होती, पाण्याला किंचित हिरवट छटा होती. डॉक्टरीणबाईंनी तपासले. तोंड ७ सेंटीमीटर. तक्त्यावर सात सेंटीमीटरच्या रेघेवर कृतीची रेषा नेमकी पाचलाच येत होती. म्हणजे निर्णय घेण्याची वेळ झाली तेव्हा माता निर्णय घेणाऱ्यांसमोर होती. दुपारी दोनला आणखी चार तास वाट पाहिली असती तर संध्याकाळी सहाला हीच गोष्ट कळली असती, आणि रस्ता त्यापुढे, अंधारात.

बाळाचे डोके खाली होते, पण तोंड आईच्या पोटाकडे वळलेले. बहुतेक बाळांचे तोंड आईच्या पाठीकडे असते आणि मग डोके सहज वळून उतरते. उलट असेल तर वेळ लागतो आणि कंबर फार दुखते. कमरेच्या दुखण्याचा उलगडा येथे झाला. ठोके चांगले होते, डोक्याची हाडे एकमेकांवर चढलेली नव्हती, आणि कळा कमजोर होत्या. म्हणून डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया केली नाही. ऑक्सिटोसिनचे सलाईन थेंबाथेंबाने, मोजून सुरू केले आणि ठोक्यांवर सतत लक्ष ठेवले. कळा दहा मिनिटांत चारवर आल्या. साडेआठला तोंड पूर्ण उघडले, तोपर्यंत डोकेही वळले. नऊ चाळीसला मुलगी झाली, लगेच रडली. शस्त्रक्रिया लागली नाही. ती लागली असती तर शेजारच्याच खोलीत होणार होती.

सावकाश म्हणजे नेहमी अडलेले नव्हे

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सावधानतेची रेषा ओलांडली म्हणजे शस्त्रक्रियाच करायची असा अर्थ नाही. पुष्कळ निरोगी मातांचे तोंड तासाला एक सेंटीमीटरपेक्षा सावकाश उघडते, विशेषतः सुरुवातीला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले की केवळ या एका आकड्यावरून बाळंतपणात हात घालू नये. २०२० च्या तिच्या नव्या तक्त्यात तिरक्या रेषाच नाहीत. तोंड ५ सेंटीमीटरवर सहा तास किंवा ७ वर तीन तास अडून राहिले तर सावध व्हा, अशा मर्यादा त्यात दिल्या आहेत. परंतु रुग्णालय दोन-अडीच तासांवर असेल तेथे सावध होण्याचा अर्थ गाडी बोलावणे हाच असतो.

प्रगती थांबण्याची कारणे तीन ठिकाणी शोधतात. कळांचा जोर कमी पडतो, बाळ मोठे किंवा वेडेवाकडे असते, किंवा कमरेच्या हाडांची वाट अरुंद असते. कळा कमजोर असल्या तर रुग्णालयात त्या वाढवता येतात. पण वाट अरुंद असताना कळा वाढवल्या तर त्या बंद दारावर धडका दिल्यासारख्या होतात. म्हणूनच घरी किंवा गावातल्या कोणाकडून "कळांचे इंजेक्शन" कधीही घेऊ नये. नेमके कारण काय, हे तपासल्याशिवाय तेच औषध गर्भाशय फाडू शकते.

लांबलेल्या बाळंतपणात आईला आणि बाळाला काय होते?

प्रत्येक कळेच्या वेळी वारेकडे जाणारा रक्ताचा प्रवाह थोडा वेळ कमी होतो. निरोगी बाळ दोन कळांमधल्या विसाव्यात ही उणीव भरून काढते. तासन् तास असे चालले, किंवा कळा एकमेकींना चिकटून येऊ लागल्या, तर बाळाला प्राणवायू अपुरा पडतो. ठोके मिनिटाला ११० च्या खाली किंवा १६० च्या वर राहू लागतात, आणि पाणी दाट हिरवे होते. असे बाळ जन्मल्यावर रडत नाही, किंवा वाचले तरी मेंदूला इजा राहू शकते. पाणमोट फुटून बराच वेळ गेला असेल तर जंतुसंसर्गाचीही भीती असते. फुटून १८ तास झाले की हा धोका वाढलेला धरतात.

आईच्या अंगातले पाणी कमी होते, नाडी वाढते, ताप येतो. थकलेले गर्भाशय बाळ झाल्यावर नीट आवळत नाही आणि रक्त वाहत राहते. ज्यांची आधी बाळंतपणे झाली आहेत त्यांचे गर्भाशय अडलेल्या बाळाशी झुंजता झुंजता फाटू शकते. जोरात चाललेल्या कळा एकाएकी थांबल्या आणि आई गार पडू लागली, तर तो आराम नव्हे, ती सर्वांत वाईट खूण आहे. आणखी एक इजा उशिरा कळते. बाळाचे डोके एक-दोन दिवस एकाच जागी अडकून राहिले तर मूत्राशय आणि हाड यांमधला नाजूक भाग दाबला जाऊन मरतो. काही दिवसांनी तेथे भोक पडते आणि लघवी सतत गळू लागते. अशी स्त्री लाजेने घराबाहेर पडत नाही, आणि घरचे तिला दोष देतात. दोष तिचा नसतो, तो वाया गेलेल्या तासांचा असतो. शस्त्रक्रियेने ही इजा बहुतेक वेळा बरी करता येते, हेही पाड्यावर सांगावे.

आपण काय करावे?

आपल्यापैकी कोणी मातेबरोबर आरोग्य केंद्रात गेले तर सिस्टरना आदराने तीन गोष्टी विचाराव्यात आणि वेळेसह वहीत लिहाव्यात. तोंड किती उघडले आहे? मागच्या तपासणीला किती होते? बाळाचे ठोके किती आहेत? या तीन उत्तरांतून बाळंतपण पुढे जात आहे की थांबले आहे हे साध्या माणसालाही दिसते, आणि पुढच्या रुग्णालयात ही वही उपयोगी पडते.

घरी असताना कळा मोजता येतात. मातेच्या पोटावर हात ठेवून घड्याळात दहा मिनिटे बघावे, पोट किती वेळा घट्ट होते आणि किती सेकंद राहते. हिंडल्यावर किंवा झोपल्यावर थांबणाऱ्या, वाढत न जाणाऱ्या कळा बहुधा खोट्या असतात. वाढत जाणाऱ्या, दहा मिनिटांत दोन-तीन येणाऱ्या कळा खऱ्या. त्या सुरू झाल्या की निघावे. पाणी गेले, रक्त गेले, ताप आला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर कळांची वाट न पाहता निघावे.

ज्या पाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही, तेथील मातांनी दिवस भरण्याआधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहणे सर्वांत चांगले. त्यासाठी आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत शासनाचे माहेरघर आहे. तेथे माता आधीच येऊन राहू शकते. आपल्या भागात ते कोठे आहे याची चौकशी आशाताईकडे आजच करून ठेवावी. १०८ ची गाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर ती कोठपर्यंत येते आणि तेथवर मातेला कोण नेईल, तेही नववा महिना लागण्यापूर्वी ठरवावे.

त्या दिवशी परत येताना सासूबाई मला म्हणाल्या, "भाऊ, मला आठ बाळंतपणं झाली, एकदाही कोणी कागदावर रेघ मारली नाही." मी विचारले, किती जगली? त्यांनी बोटे मोजली. पाच.